पेशंट म्हणतो "मी नाही सोडणार", मग ओपीडीत बोलायचं काय? दारू, बदलाच्या पायऱ्या आणि मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर म्हणून बरीच वर्षं काम केलंय. नवीन डॉक्टर, सीएचओ, समुपदेशक आणि आशाताई मला दारूच्या पेशंटबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र लिहितेय. हे पूर्ण ट्रेनिंग नाही, गर्दीच्या ओपीडीत दहा-बारा मिनिटं मिळाली तर त्यात काय करता येतं तेवढंच आहे. ड्रायव्हरदादांची जी गोष्ट मधे मधे येते ती दोन-तीन पेशंटची मिळून केलेली आहे, म्हणजे कुणाची ओळख पटायला नको.

प्रश्न: मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणजे पेशंटला मोटिव्हेट करायचं, असंच ना?

नाही, आणि सगळा घोळ या नावातच आहे. मराठीत कुणी "प्रेरणादायी मुलाखत" म्हणतं तेव्हा तर अजूनच वाटतं की आपण स्टेजवर उभं राहून भाषण द्यायचंय. खरं म्हणजे उलटं आहे. दारू पिणाऱ्या बहुतेक माणसांच्या मनात दोन्ही गोष्टी एकाच वेळी असतात, प्यावीशी पण वाटते आणि सोडावी असंही वाटतं. आपण सोडायच्या बाजूने बोलायला लागलो की त्याच्याकडे बोलायला एकच बाजू उरते, न सोडायची. तो ती बोलतो, बोलता बोलता स्वतःच ऐकतो, आणि घरी जाताना आधीपेक्षा जास्त पक्का होऊन जातो. म्हणून मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगमध्ये, म्हणजे एमआयमध्ये, आपलं काम एवढंच की सोडायची बाजू त्याच्या तोंडून यावी, आपल्या नाही.

विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये हे पहिल्यांदा लिहून काढलं, तेही दारूच्याच पेशंटबद्दल. पुढे स्टीफन रोलनिक सोबत आले आणि १९९१ मध्ये दोघांचं पुस्तक आलं. रोलनिक यांचं बरंच काम साध्या दवाखान्यातल्या बोलण्यावर आहे, त्यामुळे हे फक्त मानसोपचार तज्ज्ञांचं काम आहे असं समजू नका.

प्रश्न: आणि बदलाच्या पायऱ्या? ते पण त्यांचंच का?

नाही, ते वेगळं. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी सिगारेट सोडणाऱ्या लोकांचा अभ्यास करून ते मॉडेल मांडलं, तेही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच, म्हणून दोन्ही एकत्र शिकवतात आणि लोकांना वाटतं एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत. मिलर आणि रोलनिक यांनी स्वतः स्पष्ट लिहिलंय की एमआय त्या मॉडेलवर उभं नाही. जोडी चांगली जमते एवढंच.

पायऱ्या अशा: पहिली, माणसाच्या डोक्यात सोडायचा विषयच नाही. दुसरी, हो-नाही चाललंय. तिसरी, तयारी, म्हणजे महिन्याभरात काहीतरी करायचं ठरवलंय. चौथी, प्रत्यक्ष कमी केली किंवा सोडली. पाचवी, टिकवतोय. आणि यातून मागे घसरणं हे धरलेलंच आहे, बरेच जण दोन-चार वेळा फिरून मग टिकतात.

प्रश्न: मग पहिल्याच भेटीत पायरी ओळखून केसपेपरवर लिहायची ना?

ट्रेनिंगमध्ये असं सांगतात खरं, पण माझं स्पष्ट मत आहे की लिहू नका. एकदा केसपेपरवर "प्री-कंटेम्प्लेशन", म्हणजे पहिली पायरी, लिहिलं की पुढचा डॉक्टर ते वाचून त्या माणसाशी बोलणंच सोडतो, हा अजून तयार नाही म्हणून. आणि पायरी काय आजची उद्या राहत नाही. गटारीच्या दिवशी जो माणूस विषयच काढू देत नाही तोच चार दिवसांनी श्रावण पाळत असतो.

मॉडेलवर टीकाही बरीच झालीय. पायऱ्यांमधल्या सहा महिने, एक महिना अशा ज्या रेषा आहेत त्या माणसांनी आखलेल्या आहेत, निसर्गाने नाही. लोक कधी कधी कुठलीही तयारी न करता एका दिवसात सोडतात. आणि पायरीप्रमाणे वेगळा सल्ला दिला तर साध्या चांगल्या सल्ल्यापेक्षा जास्त फायदा होतो, याचा पुरावा कच्चा आहे. मग उपयोग काय? तर माझ्यासाठी उपयोग एकच, तो मला थांबवतो. समोरचा हो-नाहीमध्ये असताना मी सोडायची तारीख मागायला लागले तर चूक माझी आहे, त्याची नाही, हे लक्षात येतं. पायरी माणसाची नसते, या विषयावरच्या आजच्या बोलण्याची असते. त्याच माणसाची क्वार्टरबद्दलची पायरी वेगळी आणि दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दलची वेगळी असू शकते.

प्रश्न: बोलायच्या आधी किती पितो ते कसं मोजायचं? सगळे "थोडीशी" म्हणतात.

"थोडीशी" म्हणजे काय ते त्यांच्याच मापात विचारा. क्वार्टर, नाइंटी, बाटली, ग्लास. ड्रिंक हा शब्द वापरलात तर तो एका क्वार्टरला एक ड्रिंक धरतो आणि तुमचं सगळं गणित चुकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या व्हिस्की, रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, देशीच्या बाटलीवरही बहुतेक तेवढंच छापलेलं असतं. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे १८० गुणिले ०.४२८ गुणिले ०.७९, साधारण ६० ग्रॅम. म्हणजे सहा ड्रिंक. नाइंटी म्हणजे तीन. ६५० मिलीची आठ टक्क्यांची स्ट्रॉंग बियर म्हणजे चार, आणि "मी दारू पीत नाही फक्त बियर" म्हणणाऱ्याच्या बाबतीत हे मुद्दाम लक्षात ठेवा. हातभट्टीचं माप सांगता येत नाही, तिथे फक्त किती ग्लास आणि किती दिवस ते लिहा.

मग ऑडिट ही दहा प्रश्नांची चाचणी घ्या, गुण ० ते ४०. आठच्या खाली असेल तर माहिती द्या. ८ ते १५ ला साधा सल्ला, १६ ते १९ ला सल्ला अधिक समुपदेशन आणि पुन्हा भेट, आणि २० किंवा वर असेल तर अवलंबित्व आहे का ते नीट तपासायचं. तिसरा प्रश्न एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक कधी होतात असा आहे, म्हणजे "रोज फक्त एक क्वार्टर" म्हणणारा त्यात रोजच बसतो, हे बऱ्याच जणांकडून सुटतं आणि गुण कमी लागतात.

प्रश्न: एमआय सुरू करायच्या आधी काय बघायचं, म्हणजे धोका कुठे आहे?

हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? ते थांबवायला सकाळीच घ्यावी लागते का? आधी कधी दारू बंद केल्यावर फिट आली होती का, भास झाले होते का, बडबड सुरू झाली होती का? यातलं काही "हो" असेल तर "आजपासून बंद करा" असं चुकूनही बोलू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर काही तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, फिट आली तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते, आणि दोन-तीन दिवसांनी डेलिरियम म्हणजे भ्रमाची अवस्था येऊ शकते, त्यात माणूस दगावतो. श्रावण पाळायचा म्हणून किंवा माळ घातली म्हणून कोणी एकदम बंद केली आणि तिसऱ्या दिवशी "अंगात आलंय" म्हणून आणला तर ते हेच असू शकतं. अशा पेशंटला डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड डॉक्टरच्या देखरेखीखाली लागतं, थायमिन लागतं, आणि ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी थायमिन द्यायचं. जिल्हा रुग्णालयात पाठवा. एमआयचा उपयोग तिथेही आहे, पण "जायला तयार होणं" यासाठी.

प्रश्न: बरं, प्रत्यक्ष बोलायचं कसं? उदाहरण द्या.

ड्रायव्हरदादा, वय ४२, ट्रॅक्टर चालवतात. पोटात जळजळतं म्हणून आले. बीपी १५६/९८. आठवड्यातून पाच दिवस संध्याकाळी एक क्वार्टर देशी, सकाळी घेत नाहीत, थरथर नाही, फिट कधी आली नाही. ऑडिट १७.

आधी मी सुरुवातीच्या वर्षांत कशी बोलायचे ते सांगते.

"दादा, एवढी दारू पिता, लिव्हर खराब होईल, मग घरचे काय करणार?"
"तसं काही नाही मॅडम, माझे वडील पण प्यायचे, ऐंशी वर्षं जगले."
"सगळ्यांचं तसं नसतं. सोडून द्या."
"बरं, सोडतो."

आणि ते परत आलेच नाहीत. ते "बरं, सोडतो" ऐकून मला वाटायचं काम झालं. काम झालेलं नसायचं, ते मला ओपीडीतून निघायची परवानगी मागत होते, एवढंच. आपल्याकडे डॉक्टरला तोंडावर नाही म्हणत नाहीत, त्यामुळे होकार पटकन आला की उलट सावध व्हा.

आता दुसऱ्या पद्धतीने.

"दादा, जळजळीचं औषध देतेच. दारूबद्दल दोन मिनिटं बोललं तर चालेल का? सोडा म्हणून मागे लागणार नाही."
"विचारा की."
"दिवसभर काम करून संध्याकाळी घेता, त्याने काय बरं वाटतं?"
"अंग मोकळं होतं. दिवसभर ट्रॅक्टर म्हणजे कंबर जाते. झोप लागते."
"म्हणजे संध्याकाळची तेवढीच विश्रांती आहे."
"हां, तेवढीच. पण सकाळी पोट जळतं, ते पण खरं."
"सकाळी पोट जळतं."
"जळतं, आणि तोंडाला वास येतो. पोरगी आता दहावीला आहे, ती जवळ बसत नाही."
"पोरीने जवळ बसावं असं तुम्हाला वाटतं."
थोडा वेळ गप्प. "वाटतं ना मॅडम. पहिली बसायची."

बघा, मी लिव्हरचं नावही काढलं नाही. पोटाचं त्यांनी काढलं, पोरीचं पण त्यांनीच. मी फक्त त्यांच्याच वाक्यातला तो तुकडा उचलून परत त्यांच्या हातात दिला. "संध्याकाळी विश्रांती मिळते" हा न बदलण्याच्या बाजूचा तुकडा होता, तोही मी मान्य केला, पण एकदाच, त्यावर रेंगाळले नाही.

प्रश्न: हे "परत बोलणं" कृत्रिम वाटतं. पोपटासारखं.

सुरुवातीला वाटतं. दोन गोष्टी सांगते. एक, प्रश्न नाही तर विधान करायचं. मराठीत आपण वाक्याच्या शेवटी "ना?" किंवा "का?" लावतो आणि आवाज वर नेतो की समोरच्याला ती उलटतपासणी वाटते. "पोरीने जवळ बसावं असं वाटतं का?" याला उत्तर "हो" आणि संपलं. तेच वाक्य शेवटी आवाज खाली आणून म्हटलं आणि मग गप्प बसलात तर माणूस पुढे बोलतो. गप्प बसणं जास्त कठीण, मला अजून जमवावं लागतं.

दुसरं, तो जे बोलला त्याच्या अर्ध्या पाऊल पुढचं बोला, जे तो बोलायच्या बेतात होता ते. "पोरगी जवळ बसत नाही" याला "पोरगी जवळ बसत नाही" हे पोपटपंची, आणि "पोरीने जवळ बसावं असं वाटतं" हे ऐकणं. चुकलं तरी बिघडत नाही, तो स्वतः दुरुस्त करतो आणि त्या दुरुस्तीतच खरी गोष्ट बाहेर येते.

प्रश्न: बदलाची भाषा ओळखायची कशी? मराठीत लोक "बघू" म्हणतात, ते कुठे धरायचं?

मला आवडतो हा प्रश्न. इंग्रजीत याला चेंज टॉक म्हणतात आणि त्याच्या याद्या शिकवतात, पण आपल्याकडचं क्रियापद नीट ऐकलं की खूप कळतं. "सोडायला पाहिजे" ही गरज झाली, पण त्यात "मी" नाही. "कमी करावीशी वाटते" ही इच्छा, ही जास्त जवळची. "मागे श्रावणात महिनाभर नव्हती घेतली" ही क्षमता, हे तर सोनं आहे, तिथे थांबा. "पोरीसाठी" हे कारण. आणि "सोमवारपासून फक्त नाइंटी घेईन", "परवा दुकानावरून गेलो पण थांबलो नाही" ही कृतीकडची भाषा. "बघू" हे बहुतेक वेळा न बदलण्याच्या बाजूचं सभ्य वाक्य असतं, "बघतो" मध्ये थोडं जास्त असतं. आणि "सोडलीच समजा" ला तर मी काहीच किंमत देत नाही जोपर्यंत दिवस आणि माप येत नाही.

श्रावण, नवरात्र, वारी, गळ्यातली माळ, यांबद्दल मुद्दाम विचारा. फार जणांनी आयुष्यात कधीतरी महिना-दीड महिना दारूशिवाय काढलेला असतो आणि त्याला ते "दारू सोडणं" म्हणून मोजतच नाहीत. ड्रायव्हरदादांना विचारलं, श्रावणात संध्याकाळी काय करायचात? म्हणाले, देवळात भजनाला बसायचो आणि दुकानाच्या रस्त्याने न येता कॅनॉलच्या रस्त्याने घरी यायचो. म्हणजे योजना त्यांच्याकडे तयारच होती, मला शोधायची गरजच नव्हती. फक्त हे सगळं अवलंबित्व नसलेल्या पेशंटबद्दल, वरचा धोक्याचा प्रश्न वाचूनच.

प्रश्न: शून्य ते दहाचा आकडा विचारतात तो कशासाठी?

दोन आकडे विचारायचे. कमी करणं तुमच्यासाठी किती महत्त्वाचं आहे, आणि ठरवलं तर जमेल याची किती खात्री आहे. ड्रायव्हरदादांनी महत्त्वाला ६ आणि खात्रीला ३ सांगितले. आता इथे नव्वद टक्के लोक विचारतात "दहा का नाही?" आणि मग पेशंट न जमण्याची कारणं मोजत बसतो, तुम्हीच त्याला ती मोजायला लावली. विचारायचं उलटं: "तीन का म्हणालात, शून्य का नाही?" ते म्हणाले, "श्रावणात जमलं होतं ना." मग "तीनाचे चार-पाच व्हायला काय लागेल?" ते म्हणाले, "बाजाराच्या दिवशी सोबती नको." झालं, अडचण कुठे आहे ते कळलं. महत्त्व कमी असेल तर कारणांवर बोला, खात्री कमी असेल तर मार्गावर बोला. महत्त्व ६ असलेल्या माणसाला लिव्हरचे फोटो दाखवून काही उपयोग नाही, त्याला पटलेलंच आहे, जमत नाहीये.

प्रश्न: मग माहिती द्यायचीच नाही का? बीपीचं, लिव्हरचं?

द्यायची, पण विचारून, थोडी, आणि मग परत त्यालाच विचारायचं. "दारू आणि बीपीचा संबंध तुम्हाला काय माहितीये?" म्हणाले, "बीपी टेन्शनमुळे वाढतो." "टेन्शनने पण वाढतो. अजून एक गोष्ट सांगू का?" "सांगा." "रोज क्वार्टर घेणाऱ्याचा बीपी दारूने पण वाढतो, कमी केली की बऱ्याच जणांचा काही आठवड्यांत उतरतो. तुम्हाला याबद्दल काय वाटतं?" शेवटचा प्रश्न विसरू नका, नाहीतर पुन्हा भाषणच होतं.

आणि एक सवय सोडा. फळ्यावर दोन रकाने काढून दारूचे फायदे आणि तोटे सारखेच विचारायचे, हे खूप ठिकाणी शिकवतात. पण जो अजून हो-नाहीत आहे त्याच्याकडून फायदे सविस्तर बोलून घेतले तर त्याचा निर्धार उलट ढिला पडू शकतो, मिलर यांनीच नंतर असं मांडलंय. फायद्याचा प्रश्न ओळख व्हायला, माणसाला माणूस म्हणून घ्यायला ठीक आहे, यादी करायला नाही.

प्रश्न: पहिल्या भेटीच्या शेवटी काय ठरवायचं?

तो जिथे आहे तिथलं. ड्रायव्हरदादांशी शेवटी मी असं बोलले, "म्हणजे संध्याकाळी अंग मोकळं होतं, ते सोडणं सोपं नाही. दुसरीकडे पोट जळतंय, पोरगी लांब बसते, आणि श्रावणात तुम्ही महिनाभर काढलाय. पुढे काय करावं वाटतं?" ते म्हणाले, पाचाचे तीन दिवस करतो, बाजाराच्या दिवशी कॅनॉलने येतो. मला पूर्ण बंद हवी होती, बोलले नाही. दोन आठवड्यांची तारीख दिली, एका पानावर आठवड्याचे सात रकाने काढून दिले, रोज किती ते लिहायचं, नाही घेतली तर शून्य लिहायचं. सगळं मिळून तेरा मिनिटं.

प्रश्न: आणि घसरले तर?

घसरलेच. दुसऱ्या भेटीत पहिल्या आठवड्यात तीन दिवस, दुसऱ्या आठवड्यात पाच. बीपी १४८/९४. येतानाच मान खाली होती, म्हणाले "नाही जमलं मॅडम, तुम्ही रागवाल." मी कागद हातात घेऊन पहिला आठवडा विचारला, ते तीन दिवस कसे जमले. मग दुसऱ्या आठवड्यात काय वेगळं झालं. तर ऊसतोडीचा हिशोब मिळाला होता आणि सगळे मिळून बसले होते. म्हणजे बाजाराचा दिवस सांभाळला, पैसे हातात येतात तो दिवस आम्ही धरलाच नव्हता. ते स्वतःच म्हणाले, हिशोबाच्या दिवशी पैसे बायकोच्या खात्यावर टाकायला सांगतो मुकादमाला. सहाव्या आठवड्यात दोन दिवस नाइंटीवर आले होते आणि बीपी १३८/८८. पूर्ण सुटली नाही, पण आठवड्याला तीस ड्रिंक होते त्याचे सहा झाले.

इथे एक बारीक गोष्ट. दर भेटीला ऑडिट पुन्हा घेऊ नका, त्यातले बहुतेक प्रश्न गेल्या वर्षभराबद्दल असतात, दोन आठवड्यांत त्यात फरक दिसणार नाही. गेल्या सात दिवसांत किती, हेच मोजा.

प्रश्न: याने खरंच फरक पडतो का, की आपल्या मनाचं समाधान?

पडतो, पण किती ते खरं सांगितलं पाहिजे. प्राथमिक दवाखान्यांतल्या छोट्या समुपदेशनावर २०१८ चा कॉक्रेन आढावा आहे, ६९ अभ्यास एकत्र केलेले. त्यात वर्षानंतर सरासरी आठवड्याला साधारण २० ग्रॅम कमी, म्हणजे दोन ड्रिंक. एका माणसासाठी कमी वाटतं, म्हणून ड्रायव्हरदादांसारखं सगळ्यांचं होईल असं समजू नका.

आपल्या जवळचा अभ्यास म्हणजे गोव्यातला. संगथ संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ऑडिट १२ ते १९ असलेल्या पुरुषांवर केला, २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञ नाही, ट्रेनिंग दिलेल्या साध्या माणसांनी एमआयवर आधारलेल्या जास्तीत जास्त चार भेटी घेतल्या. तीन महिन्यांनी ऑडिट आठच्या खाली गेलेले ३६ टक्के, नेहमीच्या उपचारवाल्यांत २६ टक्के. गेल्या दोन आठवड्यांत अजिबात न घेतलेले ४२ विरुद्ध १८ टक्के. आणि वर्षानंतरही फरक टिकला होता. म्हणून कुणी मला "आमच्याकडे सायकॉलॉजिस्ट नाही" असं म्हणालं की मी हाच अभ्यास पुढे करते.

मर्यादा पण त्यातच आहे. २० किंवा वरचे पेशंट त्या अभ्यासात या उपचारासाठी घेतलेच नव्हते. अवलंबित्व असलेल्या माणसाला फक्त दोन भेटींच्या बोलण्यावर ठेवणं चूक, त्याला औषध, व्यसनमुक्ती केंद्र, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे एएची मीटिंग, जे जवळ असेल ते लागतं.

प्रश्न: बायको म्हणते, त्यांना न सांगता जेवणात घालायचं औषध द्या. काय करू?

देऊ नका, कितीही रडली तरी. डायसल्फिराम पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल, उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, आणि जिवावर बेतू शकतं. हे औषध माणसाला माहीत असून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच देतात. जाहिरातीतल्या "न सांगता सोडवा" पावडरींमध्ये काय असतं तेही कुणाला माहीत नसतं.

पण वहिनींना तेवढं सांगून परत पाठवू नका. त्यांना बसवा, त्यांचं ऐका. घरी मारहाण होते का ते एकट्यात विचारा, होत असेल तर आधी त्यांची आणि मुलांची सुरक्षा, १८१ हा महिलांचा हेल्पलाइन नंबर लिहून द्या. नसेल तर एक गोष्ट शिकवते: तो प्यायलेला असताना वाद नको, आणि ज्या दिवशी न पिता आला त्या दिवशी ते बोलून दाखवा. दोघांनाही रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेलि-मानस १४४१६.

प्रश्न: आशाताईंनी गावात हे करावं का?

सगळं नको. त्यांना मी एवढंच सांगते की घरी गेल्यावर दारूबद्दल सगळ्यांसमोर विचारायचं नाही, आणि "किती वेळा सांगितलं तुम्हाला" हे वाक्य बोलायचं नाही. "मॅडमनी दिलेला कागद भरताय का, दाखवा बरं" एवढं पुरतं. आमच्याकडे एका ताईंनी स्वतःहून केलं ते सांगते, ड्रायव्हरदादांच्या कागदावर ज्या दिवशी शून्य होतं त्याच्या पुढे त्यांच्या पोरीला सही करायला लावली. मला हे सुचलं नसतं. तिसऱ्या भेटीला तो कागद घडी घालून खिशातून काढला तेव्हा चार सह्या होत्या.